राखून ठेवलेले २५,२०० रुपये

खोक्याची कड अंगठ्याने उचकटली आणि वरचा कागद सरळ सोलून आला. आतल्या नालीदार थरावर त्या कागदाचा एक तंतूही चिकटून राहिला नव्हता. नीट चिकटलेल्या खोक्यात असे होत नाही. तिथे गम इतका घट्ट धरतो की सोलायला गेले तर कागद फाटतो आणि त्याचे तुकडे आतल्या थरावर राहतात. पॅकिंगच्या धंद्यातली माणसे यंत्राशिवाय खोके तपासतात ती याच युक्तीने. कागद फाटला तर पेस्टिंग चांगले, सुटून आला तर कच्चे.

प्रसंग तासगाव भागातल्या एका बेदाणा पॅकिंगच्या शेडमधला. नावे बाजूला ठेवून आणि आकडे समजायला सोपे करून तो इथे मांडला आहे, पण अशी वेळ खरेदी करणाऱ्या प्रत्येकावर कधी ना कधी येते. शेडच्या मालकाने पाच प्लायची २००० खोकी मागवली होती. दर ४२ रुपये, म्हणजे कर सोडून ८४,००० रुपयांचा माल, आणि पैसे ३० दिवसांत द्यायचे ठरलेले. ३ मार्चला टेम्पो आला आणि २५-२५ खोक्यांची ८० बंडले उतरली. ५ मार्चला पहिली खोकी भरायला घेतली, तेव्हा हा कागद सुटला.

बेदाण्याच्या बाबतीत हा दोष नुसता दिसण्यापुरता नसतो. भरलेली खोकी शीतगृहात जातात, तिथे एकावर एक थप्पी लागते आणि हवेत ओलावा असतो. पाच थर एकमेकांना धरून असतील तरच खालचे खोके वरचे वजन पेलते. थर सुटले की खोके दबते, मग अख्खी थप्पी कलते. त्यामुळे ‘चालवून घेऊ’ म्हणण्यासारखी स्थिती नव्हती. माल बदलून हवा होता आणि तो येईपर्यंत त्या मालाचे पैसे देणे शहाणपणाचे नव्हते. पण पुरवठादार आठ वर्षांपासूनचा, हंगाम ऐन भरात आणि दुसरीकडून इतकी खोकी पंधरा दिवसांत मिळतील याची खात्री नाही. पैसे थांबवायचे आणि माणूस मात्र दुरावू द्यायचा नाही, हा पेच होता.

मालकाने त्या रात्री रागाच्या भरात पहिला मसुदा लिहिला. त्यात तीनच वाक्ये होती. ‘तुम्ही हलका कागद घालून निकृष्ट माल पाठवला आणि आमची फसवणूक केली आहे. माल बदलून दिल्याशिवाय एक पैसाही मिळणार नाही. ताबडतोब खुलासा करा.’ सुदैवाने हिशेब पाहणाऱ्या मुलीने तो सकाळपर्यंत पाठवू दिला नाही.

या तीन वाक्यांत चूक कुठे आहे ते पाहण्यासारखे आहे, कारण रागावलेली बहुतेक पत्रे याच वळणाने जातात. पहिल्या वाक्यात कारण गृहीत धरले आहे. थर सुटतात हे डोळ्यांना दिसले होते, पण कागद हलका होता हे कोणीही मोजले नव्हते. ‘फसवणूक’ या शब्दात तर हेतूचा आरोप आहे. तो सिद्ध करायचा तर मुद्दाम केले हे दाखवावे लागते आणि माल बदलून घेण्यासाठी त्याची काहीच गरज नसते. दुसऱ्या वाक्यात ‘एक पैसाही’ आहे. २००० पैकी किती खोकी खराब आहेत हे मोजण्याआधीच सगळ्या बिलाला हात घातला गेला. तिसऱ्या वाक्यात खुलासा मागितला आहे, पण हवा तर बदली माल होता. माणूस खुलासा करत बसतो आणि खोकी येत नाहीत.

दुसऱ्या दिवशीचे पहिले काम म्हणून लिहिणे बाजूला ठेवून मोजणी सुरू झाली. बंडलांवर शाईने लॉटची खूण असते. ५६ बंडलांवर एक खूण होती आणि २४ बंडलांवर दुसरी. दुसऱ्या खुणेच्या प्रत्येक बंडलातून दोन खोकी काढली, अशी ४८. त्यातल्या ४१ खोक्यांचे थर सुटले. पहिल्या खुणेच्या प्रत्येक बंडलातून एक काढले, अशी ५६. त्यातले एकही सुटले नाही. आता बोलणे ‘तुमचा माल’ असे राहिले नाही, ते २४ बंडलांपुरते, म्हणजे ६०० खोक्यांपुरते आले. ६०० गुणिले ४२, म्हणजे २५,२०० रुपये. उरलेल्या १४०० खोक्यांचे ५८,८०० रुपये वादाच्या बाहेर गेले. ती २४ बंडले भिंतीलगत लाकडी फळ्यांवर वेगळी रचली, त्यांवर ‘वापरू नये’ अशी चिठ्ठी लावली आणि खुणेसह फोटो काढले.

ही मोजणी पत्राच्या भाषेसाठीही महत्त्वाची ठरते. हातात आकडा असला की विशेषण वापरण्याची गरज उरत नाही. ‘निकृष्ट’ म्हटले की समोरचा चिडतो आणि प्रत्येकाचे ‘निकृष्ट’ वेगळे असल्याने वादही घालू शकतो. ‘४८ पैकी ४१ खोक्यांचे थर हाताने सुटतात’ यावर चिडण्यासारखे काही नसते. फार तर तो येऊन स्वतः मोजेल, आणि तेच तर हवे असते.

मग फोन झाला. पत्र अचानक हातात पडले तर ते नोटिशीसारखे वाटते, म्हणून जुन्या संबंधात आधी बोलण्याची रीत आहे. ‘दादा, तीन तारखेचा माल पोचला. छप्पन्न बंडलं एकदम ठीक आहेत, भरायलाही घेतली. पण चोवीस बंडलांचं पेस्टिंग सुटतंय. वेगळी ठेवलीत, हात लावलेला नाही. तुम्ही किंवा तुमचं माणूस येऊन बघून जा.’ पलीकडून थोडा वेळ शांतता, मग प्रश्न आला, ‘आणि बिलाचं?’ उत्तर सरळ होते, ‘छप्पन्न बंडलांचं ठरल्या तारखेला. चोवीसचं राखून ठेवतोय, बदली माल आला की लगेच. तसं लिहूनही पाठवतो, म्हणजे दोघांच्या फायलीला राहील.’

पुरवठादाराचा तो प्रश्न साहजिक होता. खोकी बनवणारा लहान कारखानदार कागद कारखान्याकडून क्राफ्ट कागदाचे रीळ घेतो आणि त्याचे पैसे त्याला लवकर चुकवावे लागतात. शिवाय दोष दाखवून बिल लांबवणारे गिऱ्हाईक त्याने पाहिलेले असते. ‘मालात खराबी आहे’ ऐकले की त्याला आधी शंका येते ती ही की यांच्याकडे पैसे नाहीत. पैसे राखून ठेवणाऱ्या पत्राला म्हणूनच दोन कामे करावी लागतात. आपला हक्क जपायचा आणि ही पळवाट नाही हेही दाखवायचे. दुसरे काम शब्दांनी फारसे होत नाही. निर्विवाद रक्कम किती, ती कधी मिळेल आणि राखलेली रक्कम कशाने सुटेल, या तीन गोष्टी लिहिल्या की ते होते.

६ मार्चला ईमेलने गेलेले पत्र असे होते.

‘स.न.वि.वि.

विषय : ३ मार्च रोजी मिळालेल्या खोक्यांपैकी २४ बंडलांबाबत हरकत व बदली मालाची विनंती

आपल्या बिलाप्रमाणे २००० खोकी (८० बंडले) ३ मार्च रोजी मिळाली. आज झालेल्या फोननुसार तपशील लेखी कळवत आहे.

सोबतच्या फोटोत दाखवलेली खूण असलेल्या २४ बंडलांतून ४८ खोकी तपासली. त्यांपैकी ४१ खोक्यांचे थर हाताने सुटतात. ऑर्डरमध्ये ठरलेला पाच प्लायचा, पूर्ण चिकटलेला माल हा नाही, त्यामुळे ही २४ बंडले (६०० खोकी) आम्ही स्वीकारलेली नाहीत. ती न वापरता वेगळी ठेवली आहेत. आपण कधीही येऊन पाहू शकता. उरलेली ५६ बंडले स्वीकारली आहेत.

या ६०० खोक्यांच्या बदली १७ मार्चपर्यंत माल मिळावा, ही विनंती. ही तारीख जमणार नसेल तर कोणती जमेल ते सोमवारपर्यंत कळवावे.

स्वीकारलेल्या १४०० खोक्यांचे ५८,८०० रुपये व त्यावरील कर ठरलेल्या मुदतीत, २ एप्रिलपर्यंत, आपल्या खात्यात जमा होतील. ६०० खोक्यांचे २५,२०० रुपये व त्यावरील कर आम्ही राखून ठेवत आहोत. बदली माल मिळाल्यावर दोन दिवसांत तपासून, त्यानंतर तीन कामकाजाच्या दिवसांत ही रक्कम पाठवू. आधीच्या बिलांवर याचा काहीही परिणाम होणार नाही.

ऑर्डरप्रमाणे असलेले दोन्ही बाजूंचे हक्क या पत्रामुळे कमी होत नाहीत.

कळावे.’

पत्र सौम्य आहे, पण त्यात कुठेही माघार नाही. ‘स्वीकारलेली नाहीत’ हे शब्द ठाम आहेत आणि ते मुद्दाम वापरले आहेत, त्याचे कारण पुढे येईल. सौम्यपणा आला आहे तो बाकीच्या शब्दांच्या निवडीतून. पैशांबाबत मराठीत चार क्रियापदे सहज तोंडी येतात आणि चारही वेगळे बोलतात. पैसे ‘अडवले’ म्हटले की त्यात जोर दिसतो, जणू वाट अडवली आहे. ‘रोखले’ यात शिक्षेचा वास येतो. ‘कापले’ म्हणजे ते परत मिळणारच नाहीत, दर कमी केला. ‘राखून ठेवले’ यात मात्र पैसे कोणाचे हे मान्य असते. ते तुमचेच आहेत, अमुक झाले की तुमच्याकडे येतील. इथे नेमके हेच सांगायचे होते.

वाक्याची बांधणीही तितकीच बोलते. ‘बदली माल दिल्याशिवाय पैसे मिळणार नाहीत’ आणि ‘बदली माल मिळाला, तपासला की तीन दिवसांत पैसे पाठवू’ या दोन वाक्यांतली अट अगदी सारखी आहे. पहिले नकारावर संपते, दुसरे पैसे पाठवण्यावर. वाचणाऱ्याच्या मनात शेवटचे क्रियापद राहते. आणखी एक फरक असा की दुसऱ्या वाक्यात खरेदीदाराने स्वतःलाही बांधून घेतले आहे. तपासायला दोन दिवस, पाठवायला तीन दिवस. अशी मुदत स्वतःवर घेतली की ‘ताबडतोब’ लिहावे लागत नाही. ‘ताबडतोब’ला तारीख नसते, म्हणून तो शब्द दटावणीसारखा ऐकू येतो आणि उपयोगाला शून्य.

आता ‘स्वीकारलेली नाहीत’ या शब्दांकडे. भारतात मालाच्या विक्रीला १९३० चा विक्री कायदा लागू होतो. माल ताब्यात आला म्हणजे तो स्वीकारला असे हा कायदा मानत नाही. खरेदीदाराला माल तपासण्याची वाजवी संधी मिळायला हवी, असे कलम ४१ सांगते. पण कलम ४२ प्रमाणे तीन गोष्टींनी स्वीकृती ठरते. माल स्वीकारला असे कळवले, किंवा माल आपलाच असल्यासारखा वापरला, किंवा वाजवी काळ उलटून गेला तरी नाकारल्याचे कळवले नाही, तर माल स्वीकारला असे धरतात. एकदा स्वीकारला की सहसा माल नाकारण्याचा हक्क जातो. नुकसानभरपाई किंवा किमतीत घट तेवढी मागता येते. दोष दिसल्यावर त्यातली शंभरेक खोकी नाइलाजाने भरून टाकली असती, तर निदान त्या खोक्यांपुरती पत्राची बाजू लंगडी झाली असती. ‘न वापरता वेगळी ठेवली आहेत’ हे वाक्य म्हणून पत्रात आहे. माल परत पोचवण्याची जबाबदारी मात्र खरेदीदारावर नसते. वेगळे काही ठरले नसेल तर नाकारल्याचे कळवणे पुरेसे आहे, असे कलम ४३ म्हणते.

दुसरा कायदा जास्त नेमका आहे आणि लहान उद्योगांशी व्यवहार करणाऱ्यांनी त्याची एक तारीख पाठच करावी. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्यानुसार नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाचे पैसे लेखी करार असेल तर ठरल्या दिवशी, पण जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. करार नसेल तर मुदत १५ दिवसांची. हे दिवस माल ‘स्वीकारल्याच्या दिवसापासून’ मोजतात आणि तो दिवस कोणता हेही कायद्यानेच ठरवले आहे. माल पोचल्यापासून १५ दिवसांच्या आत खरेदीदाराने लेखी हरकत घेतली, तर पुरवठादार ती हरकत दूर करेल तो दिवस स्वीकृतीचा. १५ दिवसांत लेखी काही कळवले नाही, तर माल पोचला तोच दिवस स्वीकृतीचा.

तासगावच्या उदाहरणात ही तारीख १८ मार्च होती. पत्र ६ मार्चला गेल्याने ६०० खोक्यांपुरते घड्याळ थांबले. बदली माल येईल त्या दिवशी ते पुन्हा सुरू होणार होते. नुसता फोन झाला असता आणि पत्र राहिले असते, तर कायद्याच्या नजरेत हरकतच नव्हती. तेव्हा लेखी लिहिणे म्हणजे अविश्वास दाखवणे, ही समजूत बाजूला ठेवायला हवी. कायदा ‘लेखी’ हाच शब्द वापरतो आणि फोनवर ‘लिहूनही पाठवतो’ असे आधी सांगितले की त्यात दुखावण्यासारखे काही राहत नाही. हा दोष समजा वीस दिवसांनी, शीतगृहात थप्पी कलल्यावर कळला असता, तर विक्री कायद्याखाली भरपाई मागता आली असती, पण या घड्याळाचा आधार गेला असता. म्हणून टेम्पोवाल्याच्या चलनावर सही करताना ‘संख्येने मिळाला, तपासणी बाकी’ असे दोन-चार शब्द लिहावेत आणि त्याच आठवड्यात बंडले उघडून पाहावीत.

मुदत चुकली तर बसणारा भुर्दंड मोठा असतो. रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दर महिन्याला चक्रवाढ होणारे व्याज द्यावे लागते. बँक दर साडेपाच टक्के असेल तर व्याज वर्षाला साडेसोळा टक्क्यांनी धावते. शिवाय २०२३ च्या अर्थसंकल्पातून आलेल्या आणि १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या आयकराच्या तरतुदीमुळे मुदतीत न दिलेली अशी रक्कम प्रत्यक्ष देईपर्यंत खर्च म्हणून वजा मिळत नाही. निर्विवाद ५८,८०० रुपये वेळेवर देण्याला म्हणूनच सौजन्यापलीकडचे कारण आहे. ६०० खोक्यांच्या हरकतीच्या आडून सगळे बिल थांबवले असते, तर १४०० खोक्यांच्या पैशांवर व्याजाचा दावा उभा राहू शकला असता. मात्र पुरवठादार नुसता व्यापारी असेल, म्हणजे दुसऱ्याचा माल विकणारा, तर उद्यम नोंदणी असूनही उशिराच्या पैशांचे हे संरक्षण त्याला मिळत नाही. व्यापाऱ्यांची नोंदणी प्राधान्य क्षेत्रातल्या कर्जापुरतीच आहे.

जीएसटीच्या बाजूला दोनच गोष्टी पाहायच्या. खराब माल परत गेला आणि त्याच बिलावर बदली माल आला, तर दोन्ही वेळा चलन हवे. तसे करायचे नसेल तर पुरवठादार ६०० खोक्यांची क्रेडिट नोट देतो आणि नव्या मालाचे नवे बिल करतो. कोणता मार्ग घ्यायचा हे दोघांच्या हिशेबनिसांनी आधी बोलून घ्यावे. अनेक कंपन्या दोष दिसताच स्वतःची डेबिट नोट पाठवून मोकळ्या होतात. पुरवठादाराच्या हातात ती पडली की तो ‘पैसे कापले’ असेच वाचतो आणि पत्रातल्या ‘राखून ठेवले’चा उपयोग संपतो. करातली घट तर पुरवठादाराच्या क्रेडिट नोटेनेच होते. दुसरी गोष्ट १८० दिवसांची. बिलाच्या तारखेपासून इतक्या दिवसांत पैसे दिले नाहीत तर त्या रकमेवर घेतलेले कराचे क्रेडिट व्याजासह परत करावे लागते. पैसे दिल्यावर ते पुन्हा घेता येते, पण राखून ठेवणे अनंतकाळ चालत नाही, हे त्यातून कळते.

एका ठिकाणी मात्र गोड भाषा अपुरी पडते. पुरवठादाराला पुढच्या तारखेचा धनादेश आधीच दिलेला असेल तर नुसते ‘राखून ठेवतो’ लिहून भागत नाही. बँकेला पैसे न देण्याची सूचना देण्याकडे अनेकांचा कल असतो. सर्वोच्च न्यायालयाने १९९८ साली मोदी सिमेंट्सच्या खटल्यात स्पष्ट केले की अशा सूचनेमुळे धनादेश परत गेला तरी कलम १३८ खालचा गुन्हा लागू शकतो. देणे लागतच नव्हते हे मग धनादेश देणाऱ्याला दाखवावे लागते. त्यापेक्षा तारीख यायच्या आत पत्रात एक वाक्य घालावे : ‘आपल्याकडील अमुक क्रमांकाचा धनादेश कृपया भरू नये. त्याऐवजी ५८,८०० रुपये व कर यांचा नवा धनादेश सोबत देत आहे. जुना परत मिळावा.’ रक्कम वेगळी करून नवा धनादेश हातात दिला की जुना मागणे अवघड जात नाही.

पुरवठादाराला दोष मान्यच नसेल तर? पत्रातले ‘आपण येऊन पाहू शकता’ हे वाक्य तिथे कामाला येते. दोघांनी मिळून बंडले उघडायची, नमुने दोघांच्या सहीने बंद करायचे आणि ठरवलेल्या प्रयोगशाळेत पाठवायचे. तरीही मिटले नाही तर सूक्ष्म-लघु उद्योगाला राज्याच्या सुविधा परिषदेकडे जाता येते. तिथे आधी समेट आणि तो न झाल्यास लवाद, असा क्रम असतो. खरेदीदाराचेही तिथे ऐकले जाते. हा मुद्दा २०२१ साली सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला, शिल्पी इंडस्ट्रीज आणि केरळ राज्य मार्ग परिवहन महामंडळ यांच्यासह एकत्र ऐकलेल्या प्रकरणांत. महामंडळाने टायर पुन्हा बांधण्यासाठी लागणारा माल घेतला होता. ९० टक्के रक्कम माल मिळाल्यावर आणि उरलेली १० टक्के कामगिरीच्या अंतिम अहवालानंतर द्यायची, अशी अट खरेदी आदेशातच होती आणि भांडण त्या १० टक्क्यांवर झाले. त्या निकालात न्यायालयाने सांगितले की परिषदेच्या लवादापुढे खरेदीदाराला आपला प्रतिदावा मांडता येतो. या प्रकरणातली दुसरी शिकवण न्यायालयाबाहेरची आहे. रक्कम राखण्याची अट लेखी असली तरी ती नेमक्या कोणत्या दिवशी सुटणार हे लिहिलेले नसेल, तर अहवालाची वाट पाहण्यात वर्षे जाऊ शकतात. तासगावच्या पत्रातले ‘दोन दिवसांत तपासून, त्यानंतर तीन दिवसांत’ या शब्दांचे मोल अशा वेळी कळते.

तासगावात प्रकरण इतके लांबले नाही. ८ मार्चला पुरवठादार स्वतः आला. भिंतीलगतच्या बंडलांतली पाच-सहा खोकी त्याने त्याच अंगठ्याच्या युक्तीने सोलून पाहिली आणि दोन खोकी सोबत नेली. कारखान्यात बर्स्टिंगच्या यंत्रावर कागद तपासला, तर तो ऑर्डरप्रमाणेच होता, दर चौरस सेंटीमीटरला १० किलोच्या वर. कागद हलका नव्हताच. त्या एका पाळीत गम पातळ कालवला गेला होता आणि बंडले पुरती वाळायच्या आत बांधली होती. ‘हलका कागद घालून फसवणूक’ असे लिहिलेले पत्र ५ मार्चच्या रात्री गेले असते, तर त्यातला आरोप यंत्रावर खोटा ठरला असता आणि खराब माल देणाऱ्यालाच तक्रारीची जागा मिळाली असती.

बदली ६०० खोकी १७ मार्चला आली. त्याच टेम्पोतून जुनी २४ बंडले चलनावर परत गेली. १८ तारखेला प्रत्येक बंडलातली दोन खोकी सोलून पाहिली, सगळ्यांचा कागद फाटला. २० मार्चला २५,२०० रुपये आणि त्यावरचा कर पुरवठादाराच्या खात्यात गेला आणि सोबत दोन ओळींचा निरोप : ‘६ मार्चच्या पत्रातली हरकत आता राहिलेली नाही. राखून ठेवलेली रक्कम आज पाठवली आहे.’ हा निरोप बरेच जण पाठवत नाहीत. पैसे जातात, हरकत कागदावर तशीच राहते आणि वर्षअखेर खाते जुळवताना कोणीतरी तीच जुनी ओळ वर काढतो.

एप्रिलच्या ऑर्डरमध्ये दरापाठोपाठ तीन नव्या ओळी आल्या. माल पोचल्यापासून सात दिवसांत तपासणी आणि लेखी हरकत. हरकत असलेल्या मालाचीच रक्कम राखून ठेवली जाईल, बाकीची ठरल्या मुदतीत. बदली माल तपासून पास झाल्यावर तीन कामकाजाच्या दिवसांत राखलेली रक्कम. चौथी ओळ पुरवठादाराने फोनवर सांगून घालायला लावली, बंडले बांधण्याआधी प्रत्येक पाळीतले एक खोके सोलून पाहिले जाईल आणि त्याचा तुकडा तारखेसह ठेवला जाईल.